बोअर, बोगदा आणि त्यांच्यामधले प्रतल

२०२३ च्या मार्चअखेरीस मुंबईत १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली, पण त्या वेळी कारण धरणांचे नव्हते. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पाणी आणणाऱ्या बोगद्याला ठाण्यात एका ठिकाणी बोअरवेल मारताना इजा झाली होती आणि गळती सुरू झाली होती. १५ किलोमीटर लांबीचा आणि साडेपाच मीटर व्यासाचा हा बोगदा दुरुस्तीसाठी बंद करावा लागणार होता. एवढ्या मोठ्या शहराच्या नळाची धार बारीक झाली ती जमिनीच्या पोटातल्या दोन सरळ वाटा एकमेकींच्या फार जवळ आल्यामुळे.

बोअरची गाडी उभी असते तिथून बोगदा दिसत नाही. नकाशावर तो एक रेघ असतो आणि बोअर एक ठिपका. ठिपका रेघेपासून लांब दिसला की काम बिनधोक वाटते. मात्र खडकात उतरताना बोअर शंभर टक्के सरळ राहीलच असे नाही. सह्याद्रीच्या परिसरातला काळा पाषाण थराथरांचा आहे, मध्येच मऊ तांबड्या मातीचा पट्टा लागतो, कुठे भेगा असतात. कठीण आणि मऊ थराच्या तिरक्या सीमेवर बिट आले की ते एका अंगाला कलू लागते. वरच्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून खरा प्रश्न नकाशावरच्या ठिपक्याचा नाही. जमिनीखाली तिरकी उतरत गेलेली एक रेषा आणि आडवी जाणारी दुसरी रेषा यांच्यामधले सर्वांत कमी अंतर किती, हा आहे.

बारावीच्या गणितात हा प्रश्न ‘विषमतलीय रेषांमधील लघुतम अंतर’ या नावाने येतो. कागदावर दोन रेषा एकतर छेदतात, नाहीतर समांतर असतात. अवकाशात तिसरी शक्यता असते. खोलीत बसून वर पाहिले तर समोरची भिंत छताला मिळते ती कड डावीकडून उजवीकडे जाते, आणि डावी भिंत जमिनीला मिळते ती कड पुढून मागे जाते. या दोन कडा कितीही लांबवल्या तरी भेटत नाहीत आणि समांतरही नाहीत. दोघींना सामावून घेणारा एकही सपाट पृष्ठभाग सापडत नाही, म्हणून त्या विषमतलीय. त्यांच्यामधले सर्वांत कमी अंतर मात्र डोळ्यांना दिसते: जमिनीपासून छतापर्यंतची उंची. डावी भिंत आणि समोरची भिंत जिथे मिळते त्या कोपऱ्यातली उभी कड दोन्ही कडांना काटकोनात भेटते, आणि तीच ते अंतर आहे.

या खोलीतच सगळ्या रीतीचे मर्म आहे. एक कड जमिनीवर आहे, दुसरी छतावर. जमीन आणि छत एकमेकांना समांतर आहेत. म्हणजे दोन रेषांचे अंतर शोधायचे तर आधी पहिल्या रेषेतून जाणारे आणि दुसरीला समांतर असणारे प्रतल शोधायचे. एकदा ते हाती आले की दुसऱ्या रेषेवरचा कोणताही बिंदू घ्यावा. सगळ्यांचे त्या प्रतलापासूनचे अंतर सारखेच असते. विद्यार्थी अंतराचे लांबलचक सूत्र पाठ करतात. त्या सूत्रात प्रतलच लपलेले आहे हे कळले तर पाठांतराची गरज उरत नाही.

आता आकडे घेऊन पाहू. हे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत, ठाण्यातल्या त्या बोअरचे नव्हेत. जमिनीवर एक खूण केली आणि तिथून पूर्वेकडचे अंतर x, उत्तरेकडचे y आणि वरचे z असे मीटरमध्ये मोजले. खाली गेले की z उणे. बोगद्याचा मध्य खुणेच्या बरोबर खाली १०० मीटरवर आहे, म्हणजे (०, ०, −१००) या बिंदूवर. तिथून बोगदा पातळीतच जातो आणि प्रत्येक ४ मीटर पूर्वेला सरकताना ३ मीटर उत्तरेला सरकतो. त्याची दिशा लिहायची तर (४, ३, ०). बोअरचे तोंड (१०, १५, ०) या जागी आहे.

बोअर अगदी ओळंब्यात उतरली असती तर वरून पाहणाऱ्याला ती ठिपकाच दिसली असती, आणि ठिपक्यापासून रेघेचे अंतर ६ मीटर भरले असते. बोगद्याचा आतला अर्धा व्यास पावणेतीन मीटर, त्याभोवती ३० सेंटिमीटरचे काँक्रीटचे अस्तर धरले तरी मध्ये जवळपास तीन मीटर खडक शिल्लक राहतो. कोणी म्हणेल, जवळून गेली, पण गेली.

पण समजा, बोअर दर २० मीटर खोलीला १ मीटर पूर्वेकडे कलत गेली. हा कल तीन अंशांपेक्षाही कमी आहे. गाडीशेजारी उभ्या माणसाला तो जाणवणारही नाही. आता बोअरची दिशा (१, ०, −२०) झाली. इथून प्रतलाचे काम सुरू होते.

प्रतलाचे समीकरण ax + by + cz + d = ० असे असते. यातले a, b, c हे तीन आकडे प्रतल कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते सांगतात. प्रतलावर काटकोनात उभा असलेला बाण, ज्याला अभिलंब म्हणतात, त्याचीच ती दिशा. चौथा आकडा d प्रतलाला त्याच्या जागी आणून ठेवतो. तो बदलला तर प्रतल स्वतःशी समांतर सरकते, तोंड फिरवत नाही. त्यामुळे समीकरण शोधणे म्हणजे आधी अभिलंब शोधणे आणि मग एका ओळखीच्या बिंदूवरून d ठरवणे.

आपले प्रतल बोगद्याच्या दिशेने पसरलेले हवे आणि बोअरच्या दिशेनेही. म्हणून अभिलंब या दोन्ही दिशांना काटकोनात असला पाहिजे. दोन दिशा काटकोनात आहेत का हे तपासायची सोपी कसोटी आहे: त्यांचे जोडीजोडीने आकडे गुणावेत, तिन्ही गुणाकारांची बेरीज करावी, आणि ती शून्य आली तर कोन काटकोन. ही कसोटी पायथागोरसच्या प्रमेयातूनच निघते. बोगद्यासाठी ती सांगते ४a + ३b = ०. बोअरसाठी सांगते a − २०c = ०. अपूर्णांक टाळण्यासाठी a ला ६० मानले तर पहिल्या अटीवरून b = −८० आणि दुसरीवरून c = ३. अभिलंब मिळाला: (६०, −८०, ३).

वर्गात हेच काम सदिशांच्या फुली गुणाकाराने करतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १८८० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापून घेतलेल्या टिपणांमधून हा गुणाकार आजच्या रूपात रुळत गेला. तो झटपट होतो, पण त्यात चिन्हांची गफलत फार होते. मधल्या पदाचे उणे विसरले की अभिलंब भलत्याच दिशेला तोंड करतो आणि पुढचे सगळे उत्तर चुकते, तरी आकडा मात्र साळसूद दिसतो. म्हणून गुणाकाराने काढलेला अभिलंब वरच्या दोन अटींत घालून बघणे चांगले. ४ गुणिले ६० म्हणजे २४०, ३ गुणिले −८० म्हणजे −२४०, बेरीज शून्य. ६० उणे ६०, पुन्हा शून्य. अर्ध्या मिनिटाचे काम आहे आणि बहुतेक चुका इथेच पकडल्या जातात.

आता d. प्रतल बोगद्यातून जायचे असल्याने (०, ०, −१००) हा बिंदू समीकरणात बसला पाहिजे. ३ गुणिले −१०० म्हणजे −३००, तेव्हा d = ३००. समीकरण झाले ६०x − ८०y + ३z + ३०० = ०. बोगद्यावरचा दुसरा एखादा बिंदू, समजा (४, ३, −१००), घालून पाहिला तरी शून्यच येते. बोगद्याचा मध्य पूर्णपणे या प्रतलात आहे.

बोअरचे तोंड (१०, १५, ०) या समीकरणाच्या डाव्या बाजूत घातले तर ६०० − १२०० + ० + ३००, म्हणजे −३०० येते. शून्य नाही, म्हणजे तोंड प्रतलावर नाही. आता बोअरमध्ये २० मीटर खाली उतरू. तिथे बोअर (११, १५, −२०) या जागी आहे. किंमत येते ६६० − १२०० − ६० + ३००, पुन्हा −३००. चाळीस मीटरवर बघा, साठवर बघा, तोच −३००. बोअर प्रतलाला समांतर आहे याचा हा ताळा आहे. दोन ठिकाणी वेगळे आकडे आले असते तर अभिलंब काढतानाच काहीतरी बिघडले असे समजायचे.

पण −३०० म्हणजे किती मीटर? अभिलंबाच्या दिशेने एक मीटर सरकले की डाव्या बाजूची किंमत किती बदलते, हे पाहिले की उत्तर मिळते. ती बदलते अभिलंबाच्या लांबीइतकी: ६०, ८० आणि ३ यांच्या वर्गांची बेरीज १०००९, तिचे वर्गमूळ सुमारे १००.०४. म्हणून ३०० चा फरक म्हणजे ३०० भागिले १००.०४, म्हणजे २.९९९ मीटर. उणे चिन्ह एवढेच सांगते की बोअर प्रतलाच्या कोणत्या बाजूला आहे. अंतर मोजताना ते सोडून द्यायचे.

सहा मीटर वाटत होते ते तीन मीटर निघाले. बोगद्याच्या मध्यापासून अस्तराची बाहेरची कड ३.०५ मीटरवर आहे. म्हणजे साडेसहा इंची बोअरचा मध्यच अस्तरात पाच सेंटिमीटर घुसलेला आहे आणि बिटाची आतली कड आणखी आठ सेंटिमीटर पुढे गेलेली आहे. बोगद्यात उघडे भोक पडले नसेलही, पण अर्ध्याच्या आसपास काँक्रीट कापले गेले आहे आणि आत पाण्याचा दाब आहे.

सूत्र पाठ असलेला विद्यार्थी इथे थांबतो, कारण प्रश्नपत्रिकेत अंतर एवढेच विचारलेले असते. जमिनीखाली काम करणाऱ्याला मात्र दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: ही जवळीक नेमकी कुठे होते? त्यासाठी बोगद्यावरचा एक बिंदू आणि बोअरवरचा एक बिंदू असे शोधायचे की त्यांना जोडणारी रेघ दोन्ही रेषांना काटकोनात असेल. बोगद्यावर s पावले पुढे गेले आणि बोअरमध्ये t पावले खाली उतरले असे मानून काटकोनाची तीच कसोटी दोनदा लावली की दोन समीकरणे मिळतात: २५s − ४t = ८५ आणि ४०१t − ४s = १९९०. ती सोडवली की t साधारण ५.००४ येते. बोअरचे एक पाऊल २० मीटर खोलीचे, म्हणून सर्वांत जवळची जागा सुमारे १००.१ मीटर खोलीवर आहे.

या एका आकड्यावर सगळा निकाल फिरू शकतो. बोअरला ६० मीटरवरच पुरेसे पाणी लागले आणि काम तिथे थांबले, असे धरू. सूत्र तरीही तीन मीटरच सांगेल, कारण सूत्राच्या दृष्टीने रेषेला शेवट नसतो. प्रत्यक्षात बोअरचा तळ (१३, १५, −६०) वर आहे. तिथून बोगदा आडव्या अंतराने ४.२ मीटर आणि उभ्या अंतराने ४० मीटर लांब, म्हणजे खरे अंतर ४० मीटरहून थोडे जास्त. तीन आणि चाळीस यांतला हा फरक अंतराच्या सूत्रात कुठेही दिसत नाही. s आणि t काढल्यावरच तो उघड होतो. जवळचा बिंदू बोअरच्या खऱ्या लांबीत पडत नसेल तर रेषेला सोडून टोकापासूनचे अंतर मोजावे लागते.

चाणाक्ष वाचक विचारेल की एवढा खटाटोप कशाला? १०० मीटर खोलीवर बोअर ५ मीटर पूर्वेला सरकलेली असणार, म्हणजे (१५, १५) वर. तिथून बोगद्याच्या रेघेचे आडवे अंतर मोजले की झाले. ते बरोबर ३ मीटर येते. प्रतलाच्या रीतीने आलेल्या २.९९९ पेक्षा ते एका मिलिमीटरनेच जास्त आहे. इथे खरोखर दोन्ही सारखेच, कारण बोगदा आडवा आहे आणि बोअर जवळजवळ उभी आहे. मात्र बोअर ४५ अंशांत तिरपी असेल आणि बोगद्याच्या काटकोनातल्या दिशेनेच झुकलेली असेल, तर आडवे मोजलेले १० मीटर प्रत्यक्षात ७.०७ मीटरच असतात. त्या पातळीवर बोअर १० मीटर दूर असते, पण तिचा थोडा वरचा किंवा खालचा भाग बोगद्याला अधिक जवळ असतो. एका पातळीवर केलेली मोजणी तो भाग पाहतच नाही. बोगदे आणि खाणींच्या कामात खडकाची तपासणी करण्यासाठी मुद्दाम तिरप्या बोअर घेतात, तिथे ही तीस टक्क्यांची चूक अंगाशी येते.

रीत आणखी एका ठिकाणी अडते, आणि तिथे ती अडते हे ओळखता आले पाहिजे. दोन्ही रेषा समांतर असतील तर अभिलंबासाठी लिहिलेल्या दोन अटी प्रत्यक्षात एकच अट होतात. तीन अज्ञात संख्या आणि एक अट, त्यामुळे अभिलंब ठरत नाही. फुली गुणाकार केला तर तिन्ही आकडे शून्य येतात आणि सूत्रात शून्याला शून्याने भागायची वेळ येते. समांतर रेषांसाठी प्रतल लागतच नाही. एका रेषेवरचा बिंदू घेऊन दुसरीपर्यंत लंब टाकला की अंतर मिळते.

खरी फसगत जवळजवळ समांतर रेषांत होते. शेजारी शेजारी ५ मीटर अंतरावर दोन बोअर मारल्या. पहिली ओळंब्यात आहे, दुसरी दर मीटरला एक मिलिमीटर एवढीच कलली आहे. ती पहिलीच्या दिशेने कलली असेल तर दोन्ही रेषा ५,००० मीटर खोलीवर एकमेकींना छेदतात, म्हणून लघुतम अंतर शून्य. तोच मिलिमीटर बाजूला, म्हणजे काटकोनातल्या दिशेने गेला तर लघुतम अंतर पूर्ण ५ मीटर. एका मिलिमीटरची दिशा बदलली आणि उत्तर शून्यावरून पाचवर गेले. दोन्ही उत्तरे गणिताने बरोबर आहेत, पण १०० मीटरच्या बोअरला त्यांचा उपयोग नाही. तिथे दोन्ही वेळा अंतर ४.९ ते ५ मीटरच आहे. फुली गुणाकाराची लांबी फार लहान आली की समजावे, दिशा जवळपास एकच आहेत, आणि खऱ्या लांबीच्या टोकांवर अंतरे मोजावीत.

मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रातल्या मुंबई हाय क्षेत्रात हा प्रश्न याच रूपात येतो. तेलाच्या एका फलाटावरून अनेक विहिरी खाली उतरतात, सुरुवातीला जवळजवळ समांतर, आणि मग वेगवेगळ्या दिशांना वळतात. वळणाऱ्या वाटेला एक रेषा मानता येत नाही. म्हणून ठरावीक अंतराने कल आणि दिशा मोजतात, वाटेचे लहान तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचे शेजारच्या विहिरीच्या तुकड्यांशी अंतर तपासतात. मोजणाऱ्या उपकरणातही चूक असतेच, आणि ती खोलीबरोबर वाढत जाते. त्यामुळे तेलविहिरींच्या कामात नुसते अंतर पाहत नाहीत. ते अंतर दोन्ही वाटांच्या एकत्रित अनिश्चिततेच्या किती पट आहे हे पाहतात. ते गुणोत्तर एकाच्या जवळ आले की धोक्याची घंटा.

आपल्या बोअरला हाच हिशोब लावला तर? कल मोजताना पाव अंशाची चूक झाली तर १०० मीटर खोलीवर ती सुमारे ४४ सेंटिमीटर होते. म्हणजे तीन मीटर हे उत्तर अडीच मीटरही असू शकते, आणि तेव्हा बोअर थेट पाण्यात उतरलेली असेल. ३.४ मीटरही असू शकते, आणि तेव्हा ती अस्तराला स्पर्शही न करता गेलेली असेल. अशा वेळी बारीक मोजत बसण्यापेक्षा तोंडच हलवावे.

कुठे हलवावे हे सांगायला तेच प्रतल पुरते. बोगद्याची जागा तीच आणि बोअरचा अंदाजे कलही तोच धरला तर अभिलंब बदलत नाही, समीकरण बदलत नाही. नवे तोंड तेवढे त्यात घालायचे. वायव्येकडे, बोगद्याच्या काटकोनात १० मीटर सरकले तर तोंड (४, २३, ०) वर येते. २४० − १८४० + ३०० म्हणजे −१३००. भागिले १००.०४, जवळजवळ १३ मीटर. अस्तराबाहेर दहा मीटरच्या आसपास खडक उरतो, आणि पाव अंशाची चूक झाली तरी त्यातला अर्धा मीटरही जात नाही.